सौर पंप, साठवण टाकी आणि ठिबक: उन्हाच्या वेळेप्रमाणे पाण्याच्या पाळ्या कशा लावाव्यात?

खालची सगळी उत्तरे एकच बाग समोर ठेवून दिली आहेत. सांगोला भागातले दोन एकर डाळिंब, लागवड १४ बाय १० फुटांवर, म्हणजे एकरी ३११ आणि एकूण साधारण ६२० झाडे. प्रत्येक ओळीला दोन लॅटरल आणि प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर. विहीर ६० फूट खोल, मे महिन्यात पाणी ५० फुटांवर गेलेले. त्यावर ३ एचपीचा सौर पंप. तुमचे पीक आणि विहीर वेगळी असेल तर आकडे बदला, हिशोबाची रीत तीच राहील.

सौर पंप थेट ठिबकला जोडला तर काय बिघडते? टाकीची गरजच काय?

थेट जोडता येतो, आणि दुपारी तो छान चालतोही. अडचण सकाळ-संध्याकाळची आहे. विजेवरची मोटर एकदा चालू केली की एकाच वेगाने फिरते. सौर पंपाची मोटर मात्र उन्हाप्रमाणे वेग बदलते, आणि वेग थोडा कमी झाला की दाब त्याहून बराच जास्त पडतो. ऊन निम्मे असते तेव्हा मोटर साधारण ८० टक्के वेगाने फिरते. ऐकायला हे बरे वाटते, पण त्या वेगाला पंपाची पाणी उचलण्याची ताकद ६४ टक्क्यांवर आलेली असते. भर उन्हात जो पंप ३५ मीटर उचलत होता, तो आता जेमतेम २२ मीटर उचलतो.

आता आपल्या विहिरीचे बघू. पाणी १५ मीटरवर. ठिबकला ड्रिपरपाशी १ किलो दाब हवा, म्हणजे आणखी १० मीटर. फिल्टर, खत ओढणारी व्हेंचुरी आणि पाइपातले घर्षण मिळून ६-७ मीटर खातात. एकूण ३२ मीटर. टाकीत पाणी टाकायचे असेल तर मात्र १५ मीटर विहिरीचे, ३ मीटर टाकीच्या उंचीचे आणि २ मीटर पाइपाचे, एवढ्या २० मीटरवर भागते. म्हणजे सकाळी साडेआठच्या कोवळ्या उन्हात हा पंप ठिबक चालवू शकत नाही, पण टाकी भरू शकतो.

सगळी गोम इथे आहे. टाकीकडे फक्त ढगाळ दिवसाची शिल्लक म्हणून बघू नका. जे ऊन ठिबकच्या कामाचे नाही, त्या उन्हाचे पाणी गोळा करण्याची ती जागा आहे. बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा टाकीत पाणी साठवणे स्वस्त पडते, आणि टाकी दर काही वर्षांनी बदलावीही लागत नाही.

मग दिवसाचे वेळापत्रक नेमके कसे लावायचे?

आधी गरज काढा. फळे पोसत असताना, एप्रिल-मेच्या कडक उन्हात, पूर्ण वाढलेल्या झाडाला दिवसाला साधारण ४५ लिटर धरू. ६२० झाडांचे झाले सुमारे २८ हजार लिटर. झाडाला चार ड्रिपरमधून ताशी १६ लिटर मिळतात, म्हणजे ४५ लिटर द्यायला २ तास ५० मिनिटे लागतात.

दोन एकरांचे दोन प्लॉट करा आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व द्या. एक प्लॉट ताशी ५ हजार लिटर ओढतो, दोन्ही मिळून १० हजार. ३ एचपीचा पंप ३२ मीटरवर ताशी १० हजार लिटर देतो, पण ते फक्त भर दुपारी. ताशी ५ हजार मात्र तो बऱ्याच आधीपासून देऊ लागतो, कारण पाणी कमी ओढले की त्याच वेगाला पंप जास्त दाब देतो. तेव्हा पाळी अशी लावायची:

सकाळी साडेसात ते १०.२०: फक्त टाकी.
१०.२० ते ११.५०: प्लॉट क्रमांक १ एकटा.
११.५० ते १.१०: दोन्ही प्लॉट.
१.१० ते २.४०: प्लॉट क्रमांक २ एकटा.
२.४० पासून पंप थांबेपर्यंत: पुन्हा टाकी.

दोन्ही प्लॉटना बरोबर १७० मिनिटे मिळाली. वेळा अशा अडनिड्या का, असे विचाराल तर त्याला कारण आहे. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि सांगोला ७५ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे मे महिन्यात तिथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. वरचे वेळापत्रक त्या साडेबाराच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरले आहे. फेब्रुवारीत खरी दुपार आणखी १५ मिनिटे पुढे सरकते, नोव्हेंबरात तेवढीच अलीकडे येते. नागपूरकडच्या शेतकऱ्याने सगळे वेळापत्रक १५ मिनिटे आधी घ्यावे.

एकच प्लॉट चालू असताना भर उन्हात दाब वाढतो. त्याचे काय करायचे?

बायपास. फिल्टरच्या आधी एक टी काढून तिच्यावर व्हॉल्व बसवलेला असतोच. बहुतेक जण त्याची नळी परत विहिरीत सोडतात. ती टाकीकडे वळवा. फिल्टरनंतरच्या गेजवर १.२ ते १.५ किलो दिसेल इतका बायपास उघडा. ठिबकला हवा तेवढा दाब मिळतो आणि जास्तीचे पाणी आपोआप टाकीत पडते. विहिरीतून उचललेले पाणी पुन्हा विहिरीत सोडण्यात काय हशील?

भर दुपारी पाणी देऊ नये, झाडाला चटका बसतो असे म्हणतात. ते खरे का?

पाटपाण्याच्या काळातली ही समजूत आहे आणि पाटाला ती बऱ्याच अंशी लागूही होती. ठिबकचे पाणी झाडाच्या सावलीत, मुळांपाशी, थेंबाथेंबाने पडते. वाफ होऊन जाणारे पाणी फार नसते, आणि त्यावर पाचटाचे आच्छादन असेल तर आणखी कमी.

गरम पाण्याची शंका मात्र बरोबर आहे. मे महिन्यात उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधले पाणी हाताला चांगलेच पोळते. पण ते असते किती? १६ मिलिमीटरच्या लॅटरलमध्ये मीटरला साधारण १५० मिली पाणी मावते. दोन झाडांतले अंतर ३ मीटर, लॅटरल दोन, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला १ लिटरही नाही. पहिल्या तीन-चार मिनिटांत ते निघून जाते आणि मागून विहिरीचे गार पाणी येते. ४५ लिटरांतल्या त्या एका लिटराने झाडाला काही होत नाही. लॅटरल झाडाच्या सावलीच्या रेषेत किंवा पाचटाखाली घ्या, तेवढाही प्रश्न उरत नाही.

टाकी किती मोठी बांधावी?

मेच्या एका दिवसाची गरज भागेल इतकी. त्याहून मोठी करायची तर आधी विहिरीत तेवढे पाणी आहे का ते बघा. ५ मीटर व्यासाची, दीड मीटर खोल गोल टाकी २९ हजार लिटरची होते, म्हणजे आपल्या हिशोबात नेमकी बसते. वेळापत्रकातल्या सकाळ-दुपारच्या पाण्यावर ती एक-दोन दिवसांत भरते.

शेततळे असेल तर उत्तमच, पण उघड्या पाण्याचा पसारा लक्षात घ्या. आपल्याकडे मे महिन्यात रोज सुमारे एक सेंटीमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरून चाला. गोल टाकीचे तोंड लहान असल्याने ते २०० लिटर होते, १० बाय १० मीटरच्या तळ्याचे रोज १ हजार लिटर. शिवाय उघड्या पाण्यात ऊन पडले की शेवाळ धरते आणि शेवाळ थेट ड्रिपरच्या तोंडाशी जाऊन बसते. टाकीवर दाट शेडनेट ताणून टाका. शेवाळ आणि वाफ, दोन्ही एका खर्चात कमी होतात.

टाकीतले पाणी नुसत्या उंचीवर ठिबकला चालेल का? वेगळी मोटर लागेल का?

या प्रश्नावर दुकानदार फार ढोबळ उत्तरे देतात. टाकीचे पाणी जमिनीपासून ३ मीटर वर असेल तर दाब मिळतो ०.३ किलो. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ४ लिटरचा ड्रिपर तिथे ताशी २.२ लिटर देईल. नुसते एवढेच असते तर दुप्पट वेळ चालवून भागले असते. खरी भानगड जमिनीच्या उताराची आहे. शेतात एका टोकाला जमीन फक्त १ मीटर उंच असेल, तर १ किलो दाबावर त्या टोकाच्या झाडांना ५ टक्के पाणी कमी पडते. ०.३ किलोवर तेच १८ टक्के कमी पडते. पाइपातले घर्षण वेगळे. वाळूचा फिल्टर मध्ये असेल तर तो एकटाच सगळा दाब खाऊन टाकतो.

म्हणून जमीन सपाट असेल, लॅटरल आखूड असतील आणि टाकीत पाणी गाळूनच भरले असेल, म्हणजे टाकीनंतर नुसता मोठा जाळीचा फिल्टर पुरत असेल, तरच उंचीवर भरवसा ठेवा. शेजारी १० मीटर उंच टेकाड असेल तर प्रश्नच मिटला, टाकी तिथे बांधा. त्यासाठीची चढण पंपाला झेपते का, तेवढे आधी तपासा, कारण मग टाकी भरायलाही दुपारचेच ऊन लागेल.

बाकी ठिकाणी टाकीशेजारी १ एचपीचा छोटा मोनोब्लॉक ठेवावा. त्याला विहिरीतून काही उचलायचे नसते, फक्त १५ मीटर दाब द्यायचा असतो. एका प्लॉटच्या ताशी ५ हजार लिटरला सुमारे अर्धा किलोवॅट वीज पुरते. सौर पंप सरकारी योजनेतून घेतला असेल तर त्याच्या पॅनलची वायर काढून या मोटरला जोडू नका. नियंत्रक जळला तर दुरुस्तीची हमी तुमच्याच हाताने घालवल्यासारखे होईल.

ढगाळ दिवस आला तर?

पहिली गोष्ट म्हणजे ढगाळ दिवशी झाडही कमी पिते. पॅनलचे उत्पादन घटते तशी झाडाची गरजही घटते, अगदी त्याच प्रमाणात नसली तरी. म्हणून ढग आले की लगेच टाकी रिकामी करायला धावू नका. मातीत हात घालून बघा. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबल्यावर गोळा होतो आणि बोटाने ढकलल्यावर फुटतो, तर वाफसा आहे. तो दिवस पाणी न देता निघतो.

सगळा दिवस एकसारखे मळभ असेल तर दोन्ही प्लॉट एकत्र उघडूच नका. एकेक प्लॉट चालवा, तोही गेजवर किलोभर दाब दिसत असेल तरच. दाब येत नसेल तर पंप टाकीकडे वळवा आणि ठिबक टाकीवर चालवा. अर्ध्या किलोवर ठिबक रेटत राहण्यात तोटा असा की मेनजवळची झाडे पिऊन घेतात आणि शेवटची तहानलेली राहतात. कागदावर मात्र पाणी दिल्याची नोंद होते.

डाळिंबात हे सगळ्यात जपायचे ते फळ पिकण्याच्या तोंडावर. चार दिवस कमी पाणी आणि पाचव्या दिवशी भरपूर, असे झाले की फळ तडकते. त्या दोन-तीन आठवड्यांत टाकी नेहमी भरलेली ठेवा आणि सकाळ-संध्याकाळचे पाणी दुसऱ्या पिकाला वळवू नका.

वेळ लावून द्यावे की लिटर मोजून?

लिटर मोजून. विजेच्या मोटरवर ‘तीन तास पाणी दिले’ याला अर्थ होता, कारण प्रत्येक तास सारखा होता. सौर पंपाचा बाराचा तास आणि तीनचा तास सारखे नसतात, आणि मध्येच ढग आडवा गेला तर तेवढे पाणी बुडते. फिल्टरनंतर पाण्याचे मीटर बसवा. वरच्या वेळा हा अंदाज समजा, आणि प्लॉटमागे मीटरवर १४ हजार लिटर भरले की व्हॉल्व फिरवा. ठरावीक लिटर गेल्यावर आपोआप बंद होणारे व्हॉल्वही मिळतात. माणूस दिवसभर शेतात नसेल तर ते घ्यावेत. वेळेवर चालणारा साधा टायमर सौर पंपाला मात्र कामाचा नाही.

ड्रिपर पूर्ण पाणी देतोय हे शेतात कसे ओळखायचे?

४ लिटरचा ड्रिपर १५ मिनिटांत १ लिटर देतो. पाण्याची लिटरची रिकामी बाटली ड्रिपरखाली खड्डा करून ठेवा. एक मेनजवळ, एक मध्ये, एक शेवटच्या लॅटरलच्या टोकाला. हे सकाळी पाळी सुरू झाल्यावर आणि पुन्हा साडेबाराला करा. साडेबाराला तिन्ही भरल्या आणि सकाळी टोकाची निम्मीच राहिली, तर तुम्ही पाळी लवकर सुरू करताय. अर्धा तास पुढे ढकला. साडेबारालाही टोकाची भरत नसेल तर दोष उन्हाचा नाही. फिल्टर बघा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये अर्ध्या किलोचा फरक असेल तर तो धुवायला झाला आहे. फिल्टर ठीक असेल तर सबमेनची आणि लॅटरलची टोके उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या.

दाब-नियंत्रित ड्रिपर घेतले की प्रश्न सुटतो का, असेही विचारले जाते. ते जास्तीचा दाब आवरतात, म्हणजे दुपारी आणि चढ-उताराच्या शेतात उपयोगी पडतात. नसलेला दाब ते आणू शकत नाहीत.

खते ठिबकमधून केव्हा सोडावीत?

दाब सर्वात स्थिर असतो तेव्हा. व्हेंचुरी खत ओढते ते तिच्या दोन तोंडांच्या दाबातल्या फरकावर, आणि ऊन कमी झाले की ओढणे आधी मंदावते, मग थांबते. वेळापत्रक आपण आखल्याप्रमाणे असेल तर खत ११.५० ते १.१० या वेळेत, दोन्ही प्लॉट चालू असताना सोडावे. त्यानंतर प्लॉट क्रमांक १ लगेच बंद होत असल्याने खताच्या दिवशी त्याला १५-२० मिनिटे साधे पाणी जास्त द्या, नाही तर खत लॅटरलमध्येच बसून राहते.

विहिरीला तेवढे पाणीच नसेल तर?

तर पंप, टाकी, वेळापत्रक सगळे दुय्यम. ३ एचपीचा पंप मेमधल्या एका स्वच्छ दिवशी आपल्या विहिरीतून ५०-६० हजार लिटर सहज काढू शकतो. विहिरीत दिवसाला ३० हजारच पाझरत असेल तर पंप दुपारी तळ गाठतो. कोरडे चालण्यापासून संरक्षण देणारी यंत्रणा मोटर थांबवते, थोडे पाणी साठले की ती पुन्हा सुरू होते, आणि हा खेळ संध्याकाळपर्यंत चालतो. ठिबकची पाळी नेमकी त्यात सापडली तर दोन्ही प्लॉटांचे नुकसान.

अशा विहिरीत सकाळी टाकी भरण्याचा मोह आवरा. रात्रभर साठलेले पाणी दुपारच्या पाळीसाठी राखून ठेवा आणि टाकीसाठी फक्त २.४० नंतरची वेळ वापरा. वीजबिल नाही म्हणून पंप चालूच ठेवायची सवय विहिरीला महागात पडते. टाकीत फ्लोट बसवा, भरली की पंप थांबला पाहिजे.

मे महिन्यात ऊन कडक असूनही पंप मार्चपेक्षा कमी पाणी का देतो?

दोन कारणे. पाण्याची पातळी खाली गेलेली असते हे एक. दुसरे म्हणजे पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन साधारण ०.४ टक्का घटते. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापले की सुमारे १६ टक्के गेले. त्यात धूळ. पॅनल पहाटे किंवा सूर्य उगवताना साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नका.

कोनही बघा. सांगोल्याला मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो. हिवाळ्यात दक्षिणेकडे तिरपे ठेवलेले पॅनल तेव्हा जवळजवळ आडवे हवेत. तुमच्या सांगाड्यावर कोन बदलायची सोय असेल तर होळीनंतर आणि दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा नटबोल्ट सैल करायचे, एवढेच काम आहे.

बागेला ताण दिलेला असतो तेव्हा पंपाचे काय करायचे?

आंबे बहारासाठी ताण देताना ठिबक बंद असते, पण ऊन चालूच असते. विहिरीत पाणी असेल तर त्या काळात शेततळे भरून घ्या. फक्त मेन लाइनवरचा बागेचा व्हॉल्व घट्ट बंद आहे ना, हे रोज बघा. व्हॉल्व थोडा जरी गळका असला तरी मेनजवळच्या ओळींचा ताण मोडतो आणि त्या इतरांच्या आधी फुटतात. बागेत एका बाजूची झाडे अचानक हिरवी दिसायला लागली तर पहिला संशय त्या व्हॉल्ववर घ्या.

योजनेत कोणता पंप मिळतो? ५ एचपीचा मागावा का?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्याहून जास्त जमिनीला ७.५ एचपी असे प्रमाण आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. दोन एकर ठिबकला ३ एचपी पुरतो, हे वरच्या हिशोबात दिसलेच. मोठ्या एचपीपेक्षा पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती मीटर उचलतो ते बघा. मेमधली पाण्याची पातळी धरून ठिबकपर्यंतचे मीटर मोजा आणि तो आकडा अर्ज करतानाच सांगा. जास्त खोलीचा पंप उथळ विहिरीत टाकला तर पाणी कमी मिळते. कमी हेडचा पंप खोल विहिरीत टाकला तर टाकी भरते, पण ठिबकला दाब कधीच येत नाही.